स्वागताच्या लांबलचक मेलमधून पहिल्या दिवसाची एकपानी यादी

मी आधी जिथे नोकरीला होतो, तिथली एक सोमवारची सकाळ मला अजून आठवते. सोलापूरहून आलेला एक मुलगा पुण्यातल्या आमच्या ऑफिसच्या गेटवर पन्नास मिनिटं उभा होता. त्याला पाठवलेला स्वागताचा मेल दीड पानांचा होता, अतिशय प्रेमाने लिहिलेला. 'काही अडलं तर २१४ ला फोन लावा' असं त्यात ठळक अक्षरांत होतं. तो बिचारा मोबाइलवरून २१४ लावत राहिला. २१४ हा ऑफिसच्या आतला एक्स्टेंशन नंबर होता, तो बाहेरून लागतच नाही. मेल लिहिणाऱ्याच्या टेबलावर तो रोज लागायचा, म्हणून त्याच्या ते लक्षातच आलं नाही.

तेव्हापासून मी नव्या लोकांसाठी मेलबरोबर एक वेगळी यादी पाठवतो. मोबाइलच्या स्क्रीनवर दोनदा बोट सरकवलं की संपते. ती कशी काढायची हे एका मेलवर करून दाखवतो. ऑफिस खराडीतलं आहे असं धरू. येणारी आठ मुलं अकाउंट्स आणि कस्टमर सपोर्टला लागणार आहेत, बरीचशी मराठी माध्यमातली, म्हणून मेलही मराठीत आहे. त्यातला कामाचा भाग असा:

> सोमवारी आपण सगळे भेटणारच आहोत! साधारण साडेनऊपर्यंत आलात तर छान, पण पहिल्या दिवशी कुणी घड्याळ बघत नाही, त्यामुळे टेन्शन घेऊ नका. मेट्रोने येणाऱ्यांनी शेवटच्या स्टेशनला उतरावं, तिथून रिक्षा सहज मिळते. गेटवर काही अडचण आली तर आमच्या रिसेप्शनच्या ताई आहेतच, २१४ ला फोन लावा, त्या अगदी घरच्यासारखी काळजी घेतात. येताना सगळी कागदपत्रं आणायला विसरू नका हं! दहा वाजता ओळखीचा कार्यक्रम सुरू होतो, त्याआधी आपण जॉइनिंगचे फॉर्म भरून घेऊ. लॅपटॉप आयटीकडून मिळेल, लॉगिनची माहिती तुमच्या ऑफिसच्या मेलवर येईल. जेवणानंतर तुमचे टीम लीड तुम्हाला भेटतील. मेडिक्लेमसाठी घरच्यांची नावं पंधरा दिवसांत पोर्टलवर भरायची आहेत, त्याबद्दल बोलूच. आणि हो, आमच्या कँटीनची बुधवारची मिसळ चुकवू नका!

आधी फक्त खुणा करा

मेलची प्रिंट काढा आणि पेन्सिल घ्या. स्क्रीनवर वाक्यं छाटायला बसलात तर मेल लहान होईल, पण यादी होणार नाही. प्रत्येक वाक्यापाशी थांबून एकच विचारायचं: सोमवारी सकाळी हातात मोबाइल घेऊन गेटवर उभ्या असलेल्या माणसाला या वाक्यामुळे काही करावं लागणार आहे का? करावं लागणार असेल तर खाली रेघ मारा. नुसती माहिती असेल तर समासात टिंब द्या. माया असेल तर तशीच सोडा.

वरच्या उताऱ्यात रेघा पडतात त्या अशा: वेळेवर या, अमुक स्टेशनला उतरा, अडलात तर फोन करा, कागदपत्रं आणा, फॉर्म भरा, ओळखीच्या कार्यक्रमाला बसा, लॅपटॉप घ्या, टीम लीडला भेटा, मेडिक्लेमची नावं भरा. नऊ कामं. मिसळीला टिंब. बाकी सगळी माया. मायेचं काय करायचं ते पुढे सांगतो, ती फेकून द्यायची नाही.

आता या नऊ कामांचे तीन ढीग करा: घरून निघण्याआधीची, त्या दिवसाची आणि नंतरची. मेलमध्ये हे तिन्ही एकमेकांत मिसळलेले असतात, कारण लिहिणारा आठवेल तसं लिहीत जातो. कागदपत्रं हे आदल्या रात्रीचं काम आहे, पण मेलमध्ये ते गेट आणि कार्यक्रमाच्या मधे आलंय. मेडिक्लेम पंधरा दिवसांचं काम आहे. त्याला पहिल्या दिवसाच्या यादीत जागा नाही. पण ते पूर्ण गाळलंत तर मुलगा मुदत चुकवेल. म्हणून अगदी तळाशी एका ओळीत ते राहू द्या, आणि 'पंधरा दिवसांत' ऐवजी तारीख लिहा. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे, मेल आला तेव्हापासून की रुजू झाल्यापासून, हे त्याने का ठरवावं?

मेलने टाळलेले प्रश्न

इथे खरं काम सुरू होतं आणि ते लिहिण्याचं नसून फोन करण्याचं आहे. गप्पांच्या भाषेत खाचखळगे दिसत नाहीत. 'साधारण साडेनऊपर्यंत', 'त्याआधी', 'जेवणानंतर' हे शब्द वाचताना काही खटकत नाही. पण त्यांच्या जागी घड्याळातली वेळ लिहायला गेलात की पेन थांबतं.

आपल्या उदाहरणात बघा. ओळखीचा कार्यक्रम दहाला. त्याआधी फॉर्म. आठ जणांचे फॉर्म आणि मूळ कागदपत्रं तपासायला एका माणसाला अर्धा तास तरी हवा. म्हणजे साडेनऊला सगळे चौथ्या मजल्यावर खुर्चीत बसलेले हवेत. आणि मेल म्हणतो साडेनऊला या. कुठे या? गेटवर की खुर्चीत? मी एकदा घड्याळ लावून गेटपासून चालत गेलो. नाव नोंदवणं, फोटो, पास, बॅग तपासणी, मग सोमवारची लिफ्टची रांग. एकट्याला चौदा मिनिटं लागली. मागे आणखी सात जण असतील तर पंचवीस धरा. म्हणजे गेटवर नऊ पाचला पोचायला हवं. आता रिसेप्शनला विचारलं तर त्या म्हणतात, 'माझी वेळ साडेनऊची आहे.' म्हणजे मुलं सर्वांत जास्त अडतील तेव्हा, नऊ ते साडेनऊच्या मधे, फोन उचलायला कुणीच नाही.

ही अडचण शब्द बदलून सुटत नाही. एचआरला सांगावं लागतं की कार्यक्रम साडेदहाला घ्या, आणि रिसेप्शनला विनंती करावी लागते की त्या एका सोमवारी सव्वानऊला या. दोन फोन आणि दहा मिनिटांचं काम. पण यादी करायला बसलो नसतो तर ते दोन फोन झालेच नसते.

दुसरा खळगा लॉगिनचा. 'लॉगिनची माहिती तुमच्या ऑफिसच्या मेलवर येईल.' पण ऑफिसचा मेल उघडायला आधी लॉगिन लागतं! हे वाक्य मी निरनिराळ्या रूपांत अनेक मेलमध्ये पाहिलंय. आयटीला विचारा की पहिला पासवर्ड मुलाच्या हातात नेमका कसा पडणार. आमच्याकडे लॅपटॉपबरोबर बंद पाकिटात तात्पुरता पासवर्ड देतात आणि ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो. तेवढं यादीत लिहायचं. अंतर्गत पोर्टलची लिंकही याच जातीची: ती ऑफिसच्या नेटवर्कबाहेर उघडत नसेल तर सकाळच्या यादीत तिचा उपयोग शून्य.

तिसरा आहे 'सगळी कागदपत्रं'. याच्याइतका महागात पडणारा शब्दप्रयोग दुसरा नाही. कुणी दहावीपासूनची फाइल उचलून आणतो, कुणी मोबाइलमधले फोटो दाखवतो. प्रत्येक कागदाचं नाव लिहा, आणि मूळ हवा की झेरॉक्स तेही. आणि एक वस्तू जवळजवळ सगळ्याच मेलमध्ये राहून जाते: आधारला जोडलेला मोबाइल. पीएफच्या किंवा आधारच्या ऑनलाइन पडताळणीत ओटीपी त्याच नंबरवर जातो. बऱ्याच मुलांच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. मग मुलगा खराडीत, ओटीपी बार्शीत, आणि वडील शेतात. हे आदल्या रात्री कळलं तर वडिलांना 'उद्या सकाळी फोन जवळ ठेवा' असं सांगता येतं.

आधी नोकरी केलेल्यांसाठी यूएएन, म्हणजे पीएफचा बारा आकडी नंबर, असाच आहे. तो जन्मभर एकच राहायला हवा. गडबडीत 'माझा नाहीये' असं फॉर्मवर लिहिलं तर दुसरा नंबर निघण्याची शक्यता असते, आणि नंतर जुने पैसे नव्या खात्यात आणायला खेटे घालावे लागतात. जुन्या पगारपत्रकावर तो बहुतेक वेळा छापलेला असतो. ही एवढी सूचना मी यादीत ठेवतो. बाकी पीएफचं शिक्षण फॉर्म भरताना.

नंबर कुणाचे द्यायचे

संपर्कांची लांब यादी देऊ नका. एचआर, ॲडमिन, आयटी, ट्रान्सपोर्ट, सिक्युरिटी असे पाच-सहा नंबर दिले की अडलेला माणूस कुणालाच फोन करत नाही, कारण 'हे नेमकं कुणाचं काम' हे त्याला माहीत नसतं. पहिला फोन कुणाला आणि तो उचलला नाही तर दुसरा कुणाला, एवढंच लिहा. त्या दोघांनी पुढचं बघायचं. आयटीचा नंबर फक्त लॅपटॉपच्या ओळीत द्या, तिथेच तो लागणार आहे.

प्रत्येक नंबरासोबत माणसाचं नाव, तो कशासाठी आणि किती वाजल्यापासून, हे हवं. 'रिसेप्शनच्या ताई' हे प्रेमाचं झालं, पण गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला मुलगा काय सांगणार, 'मला ताईंकडे जायचंय'? नंबर मोबाइलचा द्या, किंवा एक्स्टेंशन द्यायचाच तर बोर्ड नंबरासकट. आणि ज्यांचा खासगी मोबाइल देताय त्यांना आधी विचारा. एका मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं, 'सोमवारपुरता द्या, पण कायमच्या मेलमध्ये नको.' त्यांचं बरोबर होतं. म्हणून आता नंबरापुढे 'फक्त सोमवारी' असंही लिहितो.

एक छोटी गोष्ट: बाकी मजकूर मराठीत असला तरी फोन नंबर इंग्रजी अंकांत टाइप करा. तसे नंबर मोबाइल ओळखतो आणि बोट ठेवलं की लागतात. पाठवण्याआधी आपल्या मोबाइलवरून, वायफाय बंद करून, इमारतीच्या बाहेर उभं राहून प्रत्येक नंबर एकदा लावून बघा. त्या पन्नास मिनिटांवरचं औषध एवढंच होतं.

ओळ कशी लिहायची

मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे यादीची ओळ वेळेने सुरू करा, मग जागा, मग कोण, आणि शेवटी काम. '९:३० · गेट २ · पास घ्या.' डोळा डावीकडे वेळ शोधतो आणि उजवीकडे काम.

काही शब्दांपासून जपा. 'आपण' हा मराठीतला फार लाघवी शब्द आहे, पण यादीत तो घात करतो. 'आपण फॉर्म भरून घेऊ' म्हणजे तुम्ही भराल, आम्ही भरू, की बसून बरोबर भरू? नव्या मुलाने त्याचा अर्थ 'ते भरून घेतील' असा लावला तर चूक त्याची नाही. 'फॉर्म भरा' किंवा 'फॉर्म एचआर भरून देईल' असं सरळ लिहा. 'परवा' हा तसाच: कालच्या आदला दिवसही परवा आणि उद्याच्या पुढचाही परवाच. तारीख लिहा. सरकारी वळणाचं 'सादर करण्यात यावे' नको, कोणी कोणाकडे ते त्यात हरवतं. 'पावणेदहा' बोलताना गोड वाटतं, पण पानावर ९:४५ जास्त पटकन दिसतं.

जागेचं वर्णन नव्या माणसाच्या बाजूने करा. मेलमधलं 'शेवटचं स्टेशन' बघा. वनाझ ते रामवाडी या मार्गाला दोन टोकं आहेत, आणि मार्ग पुढे वाढला की टोकही सरकेल. 'रामवाडी स्टेशन' लिहा. पिंपरीकडून किंवा स्वारगेटहून येणाऱ्याला मधे गाडी बदलावी लागते, म्हणून 'जिल्हा न्यायालय स्टेशनला बदला' हेही लिहा. पुढे रिक्षावाल्याला काय सांगायचं, तेही. नकाशावरची लिंक देणार असाल तर ती गेटचीच आहे ना हे तपासा. मोठ्या आवारांत ती खूण पुष्कळदा इमारतीच्या मध्यावर असते आणि रिक्षा मागच्या बंद गेटवर जाऊन थांबते.

आणि जेवण! मेलमध्ये मिसळीचं कौतुक आहे, पण सोमवारी डबा आणायचा की नाही हे कुठेच नाही. पहिल्या दिवशी हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि विचारायला संकोच वाटतो. म्हणून ती ओळ हवीच, आणि पैसे कुणी द्यायचे हेही त्यातच.

तयार यादी

इथे नावांच्या आणि नंबरांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. तुमच्या यादीत एकही मोकळी राहता कामा नये.

> पहिला दिवस: सोमवार, (तारीख)
>
> अडलात तर: रिसेप्शन, (नाव), (मोबाइल), सकाळी ९:१५ पासून, फक्त सोमवारी
> उचलला नाही तर: एचआर, (नाव), (मोबाइल)
>
> रविवारी रात्री बॅगेत
> ☐ आधार आणि पॅन: मूळ, शिवाय प्रत्येकी १ झेरॉक्स
> ☐ रद्द केलेला चेक, तुमचं नाव छापलेला. नसेल तर पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
> ☐ शेवटच्या वर्षाची मार्कशीट: मूळ. दाखवून लगेच परत मिळेल
> ☐ पासपोर्ट आकाराचे २ फोटो
> ☐ आधारला जोडलेला मोबाइल. तो घरी कुणाकडे असेल तर त्यांना सकाळी १० ते १२ फोन जवळ ठेवायला सांगा
> ☐ आधी नोकरी केली असेल तर: रिलीव्हिंग लेटर आणि १२ आकडी यूएएन (जुन्या पगारपत्रकावर बघा)
>
> सोमवारी
> ☐ ९:३० · गेट २ · नाव सांगून पास घ्या. मेट्रो: रामवाडी स्टेशन, तिथून रिक्षा
> ☐ ९:५५ · चौथा मजला, रिसेप्शन · (नाव) यांना भेटा, कागदपत्रं द्या, फॉर्म भरा
> ☐ १०:३० · मोठी मीटिंग रूम · ओळखीचा कार्यक्रम
> ☐ ११:४५ · तिसरा मजला, आयटी · (नाव), (मोबाइल) · लॅपटॉप आणि पासवर्डचं पाकीट घ्या. तिथेच एकदा लॉगिन करून बघा, मगच उठा
> ☐ १:०० · तळमजला, कँटीन · जेवण. डबा नको, आज कंपनीकडून
> ☐ २:०० · तुमच्या जागेवर · टीम लीड (नाव) तुम्हाला घ्यायला येतील
> ☐ ५:३० · रिसेप्शन · ओळखपत्र घ्या. मग सुट्टी
>
> नंतर: मेडिक्लेमसाठी घरच्यांची नावं, (तारीख) पर्यंत. एचआर मंगळवारी दाखवेल.

आयटीच्या ओळीतलं 'तिथेच लॉगिन करून बघा, मगच उठा' माझ्या मते या पानावरचं सर्वांत मोलाचं आहे. काम झालं हे कशावरून ओळखायचं, ते त्यात सांगितलंय. लॅपटॉप मिळणं आणि तो चालणं यात कधीकधी अख्खी दुपार जाते. तसंच टीम लीडच्या ओळीत कोण कुणाकडे जाणार हे लिहिलंय. 'भेटतील' एवढ्यावर सोडलं की दोघंही आपापल्या जागी वाट बघत बसतात.

तक्ता करू नका, असंही माझं अनुभवाने बनलेलं मत आहे. कॉम्प्युटरवर चार रकान्यांचा तक्ता देखणा दिसतो, मोबाइलवर तो आडवा पसरतो आणि शेवटचा रकाना, म्हणजे नेमका फोन नंबरांचा, स्क्रीनबाहेर जातो. साध्या ओळी ठेवा. जोडलेली फाइल नको, मजकूर मेलमध्येच हवा.

पाठवण्याआधी दोन माणसं

यादी महिन्याभरापूर्वी रुजू झालेल्या कुणाला तरी वाचायला द्या. जुन्या माणसाला देऊन उपयोग नाही, तो गाळलेल्या जागा मनातल्या मनात भरतो. नव्याला विचारा, 'तुझ्या पहिल्या दिवशी तू कुठे अडकलास आणि ते यात आहे का?' आमच्याकडे एका मुलीने सांगितलं की गेटवर कंपनीचं नाव सांगितलं तर सिक्युरिटीला कळत नाही, त्यांच्या वहीत इमारतीचं आणि मजल्याचं नाव असतं. ती दुरुस्ती मला बसल्या जागी कधीच सुचली नसती. दुसरी प्रत गेटवरच्या सिक्युरिटीला द्या, आठही नावांसकट. यादी मुलाकडे आहे आणि गेटवर त्याचं नावच पोचलेलं नाही, असंही होतं.

यादी शुक्रवारी दुपारी चारच्या आत पाठवा, म्हणजे शंका विचारायला ऑफिस उघडं असतं. शनिवारी झेरॉक्स काढता येते आणि चेकबुक शोधता येतं. रविवारी संध्याकाळी तीच यादी व्हॉट्सॲपवर पुन्हा टाका. मधे वेळ बदलली तर नवी यादी पाठवताना वर 'शुक्रवारची यादी रद्द' असं लिहा, नाहीतर दोन्ही फिरत राहतात.

आणि ती माया? ती मूळ मेलमध्येच राहू द्या, फक्त यादी मेलच्या सुरुवातीला येऊ द्या. मुलगा शुक्रवारी यादी वाचेल, बॅग भरेल, आणि मग निवांतपणे खालचा मजकूर वाचेल. बुधवारच्या मिसळीचं वाक्य मी कधीच काढलेलं नाही.